फोटोतला उत्पन्नाचा तक्ता: सरासरी द्यावी, मध्यक की बहुलक?

कौटुंबिक उत्पन्नाची माहिती घराघराची यादी म्हणून क्वचितच हाती पडते. बहुतेक वेळा मिळतो तो तक्त्याचा फोटो. ग्रंथालयातून घरी न मिळणाऱ्या अहवालाचं एखादं पान, नाहीतर वस्तीत काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला कागद. त्यावर उत्पन्नाचे वर्ग आणि प्रत्येक वर्गातल्या कुटुंबांची संख्या एवढंच असतं, आणि प्रकल्प-अहवालात मात्र एक वाक्य लिहायचं असतं: "या भागातल्या कुटुंबाचं उत्पन्न इतकं आहे." ते 'इतकं' कसं ठरवायचं, हे इथे एकाच तक्त्यावर शेवटपर्यंत करून पाहू.

तक्ता नमुन्यादाखल तयार केलेला आहे. पण पुण्यात जिथे वस्ती, जुने वाडे आणि दोन-चार नव्या सोसायट्या एकाच पाहणीत येतात, तिथले तक्ते साधारण याच घडणीचे असतात.

| मासिक कौटुंबिक उत्पन्न (रु.) | कुटुंबे |
|---|---|
| ० – १०,००० | २० |
| १०,००० – १५,००० | ४६ |
| १५,००० – २०,००० | ४० |
| २०,००० – ३०,००० | ५२ |
| ३०,००० – ५०,००० | २६ |
| ५०,००० – १,००,००० | ११ |
| १,००,००० व अधिक | ५ |
| एकूण | २०० |

आधी फोटो नीट वाचा

गणिताला हात लावण्याआधी तक्त्याचं शीर्षक आणि तळटीप फोटोत आली आहे का ते पाहा. फोटो काढणारा माणूस आकड्यांवर नेम धरतो आणि नेमकी वरची ओळ कापली जाते. "रुपये हजारांत", "वार्षिक", "माहिती न दिलेली कुटुंबे वगळून" असे शब्द याच ओळींत असतात. मासिक आणि वार्षिक यांची गल्लत झाली तर उत्तर बारा पटींनी चुकतं. शीर्षक नसेल तर तक्ता पाठवणाऱ्याकडून पूर्ण पान मागवा, अंदाजाने पुढे जाऊ नका. तळटीपेत 'कुटुंब' कुणाला म्हटलंय तेही वाचा. आपल्याकडच्या जनगणनेत आणि बहुतेक पाहण्यांत एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब धरतात. एकाच घरात दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबं होतात आणि प्रत्येकाचं उत्पन्न कमी दिसतं.

फोटो स्वतः काढणार असाल तर फोन पानाला समांतर धरा. जाड बांधणीच्या अहवालात पान मधल्या शिवणीकडे वळतं आणि आतल्या स्तंभातले अंक दबतात. अशा वेळी पान दाबून दोन फोटो घ्या, आणि दोन्हींत निदान एक ओळ सामाईक राहील असं बघा. नाहीतर जोडताना एक ओळ गळते किंवा दोनदा येते.

मग आकडे स्प्रेडशीटमध्ये उतरवा आणि सगळ्यात आधी बेरीज करा. ती छापलेल्या एकूण संख्येशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर फरक किती आहे याकडे लक्ष द्या, कारण चूक कुठे आहे ते बहुतेक वेळा फरकावरूनच कळतं. देवनागरी अंकांत १ आणि ९, तसेच ४ आणि ५ अंधूक फोटोत एकमेकांसारखे दिसतात. ११ चे १९ वाचले गेले तर बेरीज २०८ येते, म्हणजे फरक ८. ४६ चे ५६ झाले तर फरक १०. अंकांची अदलाबदल झाली, उदाहरणार्थ २६ ऐवजी ६२ उतरले, तर फरक ३६ येतो. दोन अंकांच्या अदलाबदलीचा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो, त्यामुळे फरकाला ९ ने भाग जात असेल तर आधी हीच शंका घ्यावी. दोन चुका एकमेकींना खोडून काढतील असं क्वचित घडतं. तक्त्यात टक्केवारीचा स्तंभ असेल तर एक-दोन ओळी त्याच्याशीही ताडून घ्या.

फोटोतून मजकूर उचलून थेट चिकटवला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. आकडे चौकटीत डावीकडे सरकलेले दिसले तर ते बहुधा आकडे म्हणून नव्हे, मजकूर म्हणून बसलेले असतात, आणि SUM त्यांना मोजतच नाही. कुठलीही तक्रार न करता कमी बेरीज दाखवतो. असे आकडे हाताने पुन्हा टाइप करा. सात ओळींना दोन मिनिटंही लागत नाहीत.

वारंवारतेच्या स्तंभावर MEDIAN लावू नका

नव्याने काम करणाऱ्यांकडून सर्वांत जास्त होणारी चूक ही. कुटुंबांच्या संख्येचा स्तंभ निवडून त्यावर AVERAGE किंवा MEDIAN लावला जातो. आपल्या तक्त्यात MEDIAN चं उत्तर २६ येतं. हे २६ रुपयेही नाहीत आणि २६ हजारही नाहीत. सात ओळींतल्या कुटुंबसंख्या चढत्या क्रमाने लावल्या तर मधली संख्या २६ आहे, इतकाच त्याचा अर्थ. अडचण अशी की शीर्षकात "रुपये हजारांत" असेल तर २६ हा आकडा अगदी पटण्यासारखा वाटतो आणि थेट अहवालात जातो. वर्गीकृत तक्त्यात उत्पन्न पहिल्या स्तंभात असतं, दुसरा स्तंभ फक्त ते किती घरांचं आहे हे सांगतो. कोणतंही माप काढताना दोन्ही स्तंभ वापरावेच लागतात.

सरासरी काढा, आणि शेवटच्या ओळीपाशी थांबा

सरासरीसाठी प्रत्येक वर्गाचा वर्गमध्य घेतात, त्याला कुटुंबांच्या संख्येने गुणतात आणि सगळ्यांच्या बेरजेला एकूण कुटुंबांनी भागतात. B स्तंभात वर्गमध्य आणि C मध्ये कुटुंबं असतील तर:

```
=SUMPRODUCT(B2:B8,C2:C8)/SUM(C2:C8)
```

पहिल्या सहा वर्गांचे वर्गमध्य सरळ आहेत: ५,०००, १२,५००, १७,५००, २५,०००, ४०,००० आणि ७५,०००. त्यांचे गुणाकार मिळून ४५,४०,००० रुपये होतात. सातव्या वर्गाचा वर्गमध्य मात्र निघत नाही, कारण "१,००,००० व अधिक" याला वरची मर्यादाच नाही. तिथे कुठला तरी आकडा आपल्याला धरावा लागतो.

तो वेगवेगळा धरून पाहा. या पाच घरांचं उत्पन्न सरासरी १,२०,००० धरलं तर संपूर्ण भागाची सरासरी २५,७०० येते. दीड लाख धरलं तर २६,४५०. तीन लाख धरलं तर ३०,२००. तक्त्यातला एकही अंक न बदलता, दोनशेपैकी पाच घरांबद्दलच्या अंदाजाने सरासरी साडेचार हजारांनी हलली. उत्पन्नाचा विदा उजवीकडे लांब शेपटीचा असतो म्हणतात त्याचा व्यवहारातला अर्थ हा. खाली उत्पन्न शून्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही, वर मात्र त्याला छत नाही, आणि वरची मोजकी घरं सरासरीला आपल्याकडे ओढतात.

मग २६,४५० हा आकडा कुणाचं वर्णन करतो ते मोजून बघा. २०,००० च्या खाली १०६ कुटुंबं आहेत. २०,००० ते ३०,००० या वर्गातली ५२ कुटुंबं सारखी पसरलेली धरली तर त्यांतली सुमारे ३४ कुटुंबं २६,४५० च्या खाली येतात. म्हणजे दोनशेपैकी सुमारे १४० घरं, जवळजवळ ७० टक्के, 'सरासरी'पेक्षा कमी कमावतात. "इथलं सर्वसाधारण कुटुंब साडेसव्वीस हजार कमावतं" असं लिहिलं तर दहांतल्या सात घरांबद्दल ते खोटं ठरतं. गणित बरोबर असूनही वाक्य चुकतं.

मध्यक

सगळी कुटुंबं उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने उभी केली तर मधोमध जे घर येतं त्याचं उत्पन्न म्हणजे मध्यक. तक्त्यावरून तो काढायला आधी संचित वारंवारता लिहा: २०, ६६, १०६, १५८, १८४, १९५, २००. एकूणाचा निम्मा १०० आहे. संचित संख्या १०० ला पहिल्यांदा ओलांडते ती १०६ वर, म्हणून मध्यक १५,००० ते २०,००० या वर्गात आहे. दहावीच्या पुस्तकातलं सूत्र:

```
मध्यक = L + ((N/2 - cf) / f) × h
```

इथे L म्हणजे मध्यक वर्गाची खालची मर्यादा १५,०००, cf म्हणजे त्या आधीच्या वर्गापर्यंतची संचित वारंवारता ६६, f म्हणजे त्याच वर्गातली कुटुंबं ४० आणि h वर्गांतर ५,०००. शंभरातून ६६ गेले ३४, भागिले ४०, गुणिले ५,००० म्हणजे ४,२५०. मध्यक १९,२५० रुपये. cf च्या जागी चुकून त्याच ओळीतले १०६ घातले जातात. मग कंसात ऋण संख्या येते आणि उत्तर वर्गाच्या खालच्या मर्यादेपेक्षाही कमी निघतं. उत्तर मध्यक वर्गाच्या आतच पडलं पाहिजे, एवढी खात्री दर वेळी करावी.

शेवटच्या पाच घरांचं उत्पन्न सव्वा लाख असो की दहा लाख, हा आकडा तसूभरही हलत नाही. उघड्या टोकाच्या वर्गासाठी काही धरावंच लागत नाही. "इथलं मधलं कुटुंब किती कमावतं" या प्रश्नाला म्हणूनच मध्यक द्यायचा.

फोटोतल्या चुकांपुढे मात्र मध्यक सगळीकडे सारखा टिकत नाही, हे ध्यानात ठेवा. शेपटीतले ११ चुकून १९ वाचले तर सरासरी २६,४५० वरून सुमारे २८,३२० वर जाते, मध्यक फक्त १९,२५० वरून १९,७५० होतो. पण दुसऱ्या ओळीतले ४६ चुकून ९६ वाचले, जे इंग्रजी अंकांत सहज होतं, तर मध्यक १६,१२५ वर घसरतो. चूक मध्यकाच्या आसपासच्या ओळींत असली की मध्यकालाही धक्का बसतो. अंधूक फोटोत कुठल्या दोन-तीन ओळी भिंगाखाली घालायच्या याचं उत्तर यातून मिळतं: मध्यक वर्गाची ओळ आणि तिच्या आधीच्या सगळ्या ओळी.

१९,२५० मधले शेवटचे २५० रुपयेही फार मनावर घेऊ नयेत. सूत्र असं धरतं की वर्गातली ४० कुटुंबं १५,००० ते २०,००० मध्ये सारखी पसरली आहेत. माणसं तसं सांगत नाहीत. महिन्याचं उत्पन्न विचारलं की "पंधरा", "अठरा", "वीस" अशी गोल उत्तरं येतात. त्या चाळिसांतल्या बऱ्याच जणांनी नेमके पंधरा हजार सांगितले असतील तर खरा मध्यक १९,२५० च्या बराच खाली असेल. शिवाय पंधरा हजार सांगणारा कुठल्या वर्गात गेला, हे वर्ग कसे लिहिलेत त्यावर ठरतं. "१०,००० – १५,०००, १५,००० – २०,०००" अशा सलग वर्गांत रूढीने तो वरच्या वर्गात जातो, "१०,००१ – १५,०००" असं लिहिलं असेल तर खालच्या. अहवालात "सुमारे १९,००० रुपये" लिहिणं जास्त प्रामाणिक आहे.

मध्यकासोबत दोन चतुर्थकही द्यावेत, कारण एकट्या मध्यकातून पसारा कळत नाही. कृती तीच, फक्त N/2 च्या जागी ५० आणि १५० घ्यायचे. पहिला चतुर्थक दुसऱ्या वर्गात पडतो आणि सुमारे १३,३०० येतो. तिसरा चौथ्या वर्गात पडतो आणि सुमारे २८,५०० येतो. आता वाक्य असं होतं: "मधल्या कुटुंबाचं मासिक उत्पन्न सुमारे १९,००० रुपये असून निम्मी कुटुंबं साधारण १३,३०० ते २८,५०० या दरम्यान आहेत." हे वाक्य वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती वस्ती उभी राहते.

बहुलक: सर्वांत मोठी संख्या दिसली की तोच वर्ग, असं नाही

आपल्या तक्त्यात सर्वांत मोठी वारंवारता ५२, ती २०,००० ते ३०,००० या वर्गात. म्हणून हाच बहुलक वर्ग असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. पण हा वर्ग १०,००० रुपयांचा आहे आणि त्याच्या आधीचे दोन ५,००० चे. जाळं दुप्पट रुंद टाकलं म्हणून मासे जास्त आले. वर्गांतरं असमान असतील तेव्हा आधी सगळ्यांना एका मापावर आणा: दर ५,००० रुपयांच्या पट्ट्यात किती कुटुंबं? पहिल्या वर्गात १०, दुसऱ्यात ४६, तिसऱ्यात ४०, चौथ्यात २६, पाचव्यात साडेसहा, सहाव्यात जेमतेम एक. खरी दाटी १०,००० ते १५,००० मध्ये आहे.

ही चूक पकडायला एक सोपी खूण आहे. एकच शिखर असलेल्या आणि उजवीकडे शेपटी गेलेल्या विद्यात बहुधा बहुलक सर्वांत लहान, मग मध्यक, मग सरासरी असा क्रम लागतो. चौथा वर्ग धरून पुस्तकातल्या सूत्राने बहुलक काढला तर सुमारे २३,१६० येतो, म्हणजे १९,२५० या मध्यकाच्याही वर. क्रम असा उलटा आला की वर्गांतरं पुन्हा तपासावीत. हा क्रम काही अटळ नियम नाही, पण इशारा म्हणून चांगला उपयोगी पडतो. उत्पन्नाच्या तक्त्यात बहुलक एका आकड्यात न देता वर्ग म्हणूनच द्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. ते सूत्र समान वर्गांतरांसाठी आहे, आणि तक्ता बनवणाऱ्याने वर्ग जरा वेगळे पाडले की बहुलक कुठल्या कुठे जातो.

मग कुठे काय द्यायचं

प्रश्न कुटुंबाबद्दल असेल तर मध्यक. शाळेची फी इथल्या घरांना झेपेल का, घरभाडं उत्पन्नाच्या किती टक्के जातं, पाच वर्षांत मधल्या घराची स्थिती सुधारली का, अशा सगळ्या ठिकाणी.

प्रश्न एकूण रकमेबद्दल असेल तर सरासरी, आणि तिथे मध्यक चालत नाही. प्रत्येक घराने उत्पन्नाच्या एक टक्का वर्गणी दिली तर निधी किती जमेल, याला सरासरी गुणिले २०० लागते, म्हणजे एकूण उत्पन्न ५२,९०,००० आणि निधी ५२,९००. मध्यक धरून ३८,५०० चा अंदाज केला तर हिशेब १४,४०० ने चुकेल. मात्र उघड्या वर्गासाठी काय धरलं ते लिहा. काहीच धरायचं नसेल तर त्या पाच घरांना किमान एक लाखच धरून "सरासरी निदान २५,२००" असं लिहिता येतं. तो किमान आकडा असल्याचं वाचणाऱ्याला कळतं.

सर्वांत जास्त घरं कोणत्या पट्ट्यात आहेत हे हवं असेल, मुलाखतींसाठी कोणत्या गटापासून सुरुवात करायची वगैरे, तर बहुलक वर्ग.

एका परिस्थितीत मात्र तिन्हींपैकी एकही आकडा एकटा देऊ नये. पुण्यात ती वारंवार भेटते, कारण येरवड्याची वस्ती आणि कल्याणीनगरच्या सोसायट्या एकमेकींना लागून आहेत. समजा अशा पाहणीत ९० घरं २०,००० च्या खाली, ९० घरं ६०,००० च्या वर आणि मधे फक्त २० आहेत. सूत्राने मध्यक बरोबर ४०,००० येतो, पण त्याच्या आसपास जवळपास कुणीच राहत नाही. खालच्या गटात २५ घरं जास्त सापडली असती तर तोच मध्यक २०,००० च्या खाली घसरला असता. तक्त्यात वारंवारता चढून, उतरून पुन्हा चढताना दिसली की (वर्गांतरं एका मापावर आणल्यावर, हे महत्त्वाचं) दोन वेगळे समूह एकात मिसळलेत असं समजा. मूळ कागदात वस्तीनिहाय फोड असेल तर ती मागवा आणि दोन मध्यक वेगळे द्या.

याच्या उलट काम निघालं, म्हणजे दोन भागांचे दोन फोटो एकत्र करायचे असले, तर सरासरी जोडता येते. आपल्या २०० घरांची २६,४५० आणि शेजारच्या ३०० घरांची १८,००० असेल तर दोन्हींचं एकूण उत्पन्न मिळवून ५०० ने भागा: २१,३८०. मध्यकांचं असं करता येत नाही, दोन मध्यकांची सरासरी म्हणजे एकत्रित मध्यक नव्हे. त्यासाठी दोन्ही तक्ते ओळीला ओळ जोडून वारंवारता मिळवायच्या आणि संचित स्तंभ पुन्हा करायचा. एका तक्त्यात १०,००० – १५,००० आणि १५,००० – २०,००० असे दोन वर्ग असतील आणि दुसऱ्यात १०,००० – २०,००० असा एकच, तर पहिल्यातले दोन एकत्र करा. मोठा वर्ग आपल्या मनाने फोडू नका, कारण तो कुठे तुटतो ते फोटोत लिहिलेलं नसतं.